टॉप परफॉर्मर पुरस्कार घेताना काय बोलावं? मसुदा देतोय, मोकळेपणाने सुचवा

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

पुढच्या शुक्रवारी कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात मला विक्री विभागाचा 'टॉप परफॉर्मर' पुरस्कार मिळणार आहे. सात वर्षांत पहिल्यांदाच. बोलायला तीन मिनिटं दिली आहेत. समोर सगळे विभाग असतील, आणि या वेळी काही ग्राहकांनाही बोलावलं आहे. आम्ही पाऊच भरून सील करणारी पॅकिंग मशिन्स विकतो.

मसुदा लिहिलाय. सुरुवात अशी आहे:

"सर्वप्रथम मला या पुरस्कारासाठी पात्र समजल्याबद्दल मी व्यवस्थापनाचा ऋणी आहे. हा पुरस्कार माझ्या एकट्याचा नसून माझ्या संपूर्ण टीमचा आहे. तसंच ज्यांनी आमच्यावर विश्वास दाखवला त्या सर्व ग्राहकांचे मी मनःपूर्वक आभार मानतो..."

पुढे सोळा जणांची नावं आहेत. शेवटी टार्गेटच्या १२२ टक्के विक्री कशी झाली त्याबद्दल थोडं.

घरी वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "छान आहे, पण हे कुणीही कुणासाठीही म्हणू शकेल." तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मला या लोकांचे खरंच आभार मानायचे आहेत. काय बदलू?

---

मधुरा_क

आधी अभिनंदन! सात वर्षं टिकून राहून मिळवलंत, याचं जास्त कौतुक.

वहिनींचं बरोबर आहे. सोळा नावं वाचायला दीड मिनिट जाईल आणि सतरावा माणूस घरी जाऊन गप्प बसेल.

---

रिकामा_कप

अभिनंदन. आमच्याकडे असा पुरस्कार कसा ठरवतात कुणाला माहीत आहे का? मी दोन वर्षं सलग टार्गेट पूर्ण केलं, पण पुरस्कार मोठा एरिया असलेल्यालाच जातो. टक्केवारी बघतात की एकूण विक्री?

---

मधुरा_क

@रिकामा_कप, वेगळा धागा काढा ना. विषय चांगला आहे, पण इथे भाषणाचं चाललंय.

---

थेटभेट

मला हे 'पुरस्कार टीमचा आहे' प्रकरणच पटत नाही. उन्हात फिरला कोण? नकार ऐकले कुणी? टार्गेट चुकलं असतं तर वरिष्ठांनी टीमला विचारलं असतं की तुम्हाला? पुरस्कार तुमचा आहे, ताठ मानेने घ्या. आभार माना, पण हक्क सोडू नका.

---

अभिजात

थेटभेट, पूर्ण असहमत. माझा नियम साधा आहे: भाषणात 'मी' हा शब्दच नको. सगळीकडे 'आम्ही'. आम्ही ऑर्डर मिळवली, आम्ही अडचणी सोडवल्या. ऐकणाऱ्याला नम्रता लगेच जाणवते.

---

सर्व्हिसवाला

मी टेबलाच्या पलीकडचा माणूस. अकरा वर्षं मशीन बसवणं आणि दुरुस्ती. दरवर्षी असं एक भाषण ऐकतो आणि दरवर्षी त्यात "सर्व्हिस टीमचेही आभार" असतं. टाळ्या वाजवतो, जेवायला जातो.

एकदाच वेगळं घडलं. पुरस्कार घेणारी मुलगी म्हणाली, "ग्राहकाची पाळी सकाळी सहाला सुरू होणार होती. रात्री अडीचला मी फोन केला तेव्हा हा माणूस पॅनेलसमोर जमिनीवर बसून तोंडात टॉर्च धरून बोलत होता, म्हणून मला त्याचं एक अक्षर कळत नव्हतं. पावणेसहाला मशीन चालू झालं." माझं नाव तिने त्यानंतर घेतलं. त्याला चार वर्षं झाली. कंपनी बदलली, ते वाक्य अजून पाठ आहे.

अभिजात, तुमच्या 'आम्ही'त मी कधीच दिसलो नसतो.

---

जुना_विक्रेता

तीस वर्षं विक्रीत काढली, अशी भाषणं दिली आणि माझ्या हाताखालच्या मुलांकडून करूनही घेतली. सर्व्हिसवाल्यांनी नेमकं सांगितलंय, त्याच्या पुढचं सांगतो.

अभिजात म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. यश सांगताना 'मी' 'मी' केलं तर कानाला बोचतं. पण सगळंच 'आम्ही' केलं की दोन गोष्टी हरवतात: कुणी काय केलं ते, आणि तुमच्या हातून काय चुकलं ते. चूक सांगताना 'आमच्याकडून थोडी गडबड झाली' म्हणणारा माणूस मला तरी नम्र वाटत नाही, निसटता वाटतो. म्हणून चूक आणि निर्णय 'मी'मध्ये सांगा, मदत त्या माणसाच्या नावाने सांगा.

आता वेळेचं गणित. स्टेजवर सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. तीन मिनिटांतून टाळ्या आणि श्वास वजा करा, म्हणजे हातात तीनशे शब्द उरतात. त्यात सोळा माणसं बसत नाहीत, एक गोष्ट मात्र नीट बसते.

तेव्हा वर्षातली एकच ऑर्डर निवडा. सगळ्यात मोठी नको, सगळ्यात अवघड निवडा. ती चौकशीपासून पेमेंटपर्यंत कुणाकुणाच्या हातातून गेली ते कागदावर लिहा. आभार कुणाचे मानायचे ते त्या कागदावर आपोआप दिसेल. अशी एखादी ऑर्डर आहे का? इथे मांडा.

---

थेटभेट

'चूक सांगा'? पुरस्काराच्या दिवशी?

---

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. जुना_विक्रेता, एक आहे. लिहितो.

एका ग्राहकाला मी मिनिटाला ६० पाऊचचा वेग सांगून मशीन विकलं. डेमोत ६० आरामात निघत होते. मशीन बसलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला: पाऊच सीलमधून गळतायत. मी गेलो तर टेबलावर पाऊच रांगेने उलटे ठेवले होते आणि खाली टिश्यू पेपर अंथरला होता. तिथले प्रॉडक्शन मॅनेजर काही बोलले नाहीत. ओला झालेला एक एक टिश्यू उचलून फक्त दाखवत गेले.

आमचा सर्व्हिस इंजिनिअर दोन दिवस तिथे राहिला. त्याने सीलिंगचं तापमान वाढवून पाहिलं, तर फिल्म आक्रसायला लागली. दाब वाढवून पाहिला, फरक नाही. शेवटी त्याने फिल्मची जाडी मोजली. डेमोसाठी मी जी फिल्म वापरली होती तिच्यापेक्षा ग्राहकाची फिल्म बरीच जाड होती. जाड फिल्मला सील व्हायला मशीनचा सील करणारा जॉ जास्त वेळ दाबून धरावा लागतो, आणि तेवढा वेळ दिला की ६० चा वेग येणं शक्यच नाही. वेग ४५ वर आणला आणि गळती थांबली.

चौकशीच्या फॉर्मवर फिल्मच्या जाडीचा रकाना मी रिकामा सोडला होता. घाई होती, डेमो चांगला झाला होता, मला वाटलं नेहमीचीच असेल.

मी मॅनेजरना जाऊन तसंच सांगितलं. त्यांनी कागदावर हिशोब मांडला: आठ तासांत २८,८०० च्या जागी २१,६००. "म्हणजे रोज सात हजार दोनशे पाऊच कमी," म्हणाले. मी हो म्हटलं. मशीन परत जाईल अशीच माझी खात्री होती. त्यांनी दोन दिवस मागितले आणि मशीन ठेवून घेतलं. सात महिन्यांनी त्यांनीच दुसऱ्या मशीनसाठी बोलावलं, आणि बसायच्या आधी फिल्मचा रोल पुढे सरकवून म्हणाले, "या वेळी आधी आमची फिल्म घेऊन जा, मग आकडा सांगा."

ती दुसरी ऑर्डर मिळाली म्हणून मी टार्गेटच्या पुढे गेलो.

---

सर्व्हिसवाला

रोलचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. भाषण इथेच आहे तुमचं.

आणि तो इंजिनिअर कार्यक्रमाला येणार आहे का बघा. आम्ही लोक अशा दिवशी हमखास कुठल्यातरी साइटवर असतो.

---

मधुरा_क

एक शंका. तो ग्राहक समोर बसलेला असेल तर? "त्यांचे पाऊच गळत होते" हे चारशे लोकांपुढे सांगणार? त्यांच्या मालाबद्दल बोलणं झालं ते. कंपनीचं नाव घ्या न घ्या, ओळखणारे ओळखतीलच.

मी खरेदी विभागात आहे. एका सप्लायरने कौतुकाच्या भरात आमच्या प्लांटची अडचण स्टेजवर सांगितली होती. हेतू चांगला होता, पण खाली आमच्याच क्षेत्रातले दोन जण बसले होते. आमच्या साहेबांनी त्यानंतर वर्षभर त्या सप्लायरला प्लांटच्या आत येऊ दिलं नाही.

---

जुना_विक्रेता

मधुराताईंचा मुद्दा सोन्यासारखा आहे. ग्राहकाचे आभार मानताना सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. आपल्याला वाटतं नाव घेतलं म्हणजे मान दिला. पण तो काय वापरतो, कुणाकडून घेतो, कधी अडला होता, ही त्याच्या घरातली माहिती. सवलत किती दिली हे तर चुकूनही नको, शेजारच्या खुर्चीतला ग्राहक तेवढंच लक्षात ठेवेल.

दोन मार्ग आहेत. एक, नाव घ्यायचं असेल तर जी दोन-तीन वाक्यं बोलणार तीच जशीच्या तशी त्यांना आधी पाठवा आणि लेखी होकार घ्या. 'तुमचा उल्लेख केला तर चालेल ना?' एवढं विचारणं पुरत नाही, त्याला सगळे हो म्हणतात. दुसरा, नाव आणि ओळखीच्या खुणा काढा आणि गोष्ट तुमच्या बाजूने सांगा. 'पाऊच गळले' हे त्यांचं झालं. 'मी फॉर्मवरचा एक रकाना रिकामा सोडला आणि चुकीचा वेग सांगितला' हे तुमचं. तुमचं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणजे साहेबांची लागतेच! मसुदा त्यांना आधी दाखवा. इतर ग्राहक समोर असताना असं काही अचानक ऐकलं तर ते खुर्चीतच अस्वस्थ होतील.

---

थेटभेट

गोष्ट चांगली आहे, मान्य. पण माझी शंका तशीच आहे. समोरच्या नव्या ग्राहकाला काय ऐकू जाणार? 'हे लोक वेग चुकीचा सांगतात.'

---

मधुरा_क

मी ग्राहकाच्या खुर्चीतून सांगते. मला 'हा माणूस चूक स्वतः येऊन सांगतो' असं ऐकू जाईल. पण सगळ्यांना तसंच जाईल असं नाही, तुमची भीतीही खोटी नाही.

---

अभिजात

सर्व्हिसवाले, तुमचा प्रतिसाद वाचून माझा नियम थोडा बदलतो. 'मी' पूर्ण काढू नये. पण शेवटचं १२२ टक्क्यांचं मात्र वगळावं असं मला वाटतं.

---

सर्व्हिसवाला

त्याला अनुमोदन. आकड्यावर तुम्हाला इन्सेंटिव्ह मिळतो, आम्हाला त्या दोन रात्रींचा मिळत नाही. आकडा सूत्रसंचालक सांगतीलच, तुमच्या तोंडून नको.

---

जुना_विक्रेता

पाऊलवाट, एक प्रश्न राहिला. हा ग्राहक तुम्ही स्वतः शोधलात, की एरिया हातात आला तेव्हा तो यादीत होता?

---

पाऊलवाट

यादीत होता.

माझ्या आधी हा एरिया सांभाळणाऱ्या माणसाने त्यांच्याकडे दोन वर्षं खेटे घातले होते, एकही ऑर्डर न मिळता. त्याच्या वहीत त्या मॅनेजरबद्दल एकच ओळ होती: 'सकाळी १० च्या आत जाऊ नये, राउंडवर असतात. खोटं सांगितलेलं लगेच कळतं.' ती ओळ वाचलेली होती म्हणून मी त्या दिवशी सरळ खरं बोललो. खरं सांगायचं तर ती ओळ नसती तर काहीतरी सारवासारव केली असती.

अडचण अशी की तो आता आमच्या प्रतिस्पर्धी कंपनीत आहे.

---

मधुरा_क

अरे बापरे. आणि सोळा नावांत तो नव्हता!

---

थेटभेट

नाव घेऊ नका. साहेबांसमोर प्रतिस्पर्ध्याच्या माणसाचं कौतुक? आणि त्यालाही त्याच्या नव्या कंपनीत अवघड होईल.

---

सर्व्हिसवाला

घ्या. काम केलं तेव्हा तो तुमच्याच कंपनीत होता.

---

जुना_विक्रेता

यावर माझं मत पक्कं नाही. मी असतो तर नाव न घेता 'माझ्या आधी हा एरिया सांभाळणाऱ्याने' म्हटलं असतं आणि त्याच रात्री त्याला फोन केला असता. पण ते घाबरून केलं की शहाणपणाने, हे मलाही सांगता येणार नाही.

विक्रीत हे सगळीकडे असतं. आपल्या आकड्यात आधीच्याची पेरणी असते, आणि बक्षीस कापणीच्या दिवशी दिलं जातं.

---

पाऊलवाट

तीन दिवस खपून नवा मसुदा केला. नावांच्या जागी अमुक लिहितो. ग्राहकाचं नाव काढलं आहे, तरी वाक्यं त्यांना पाठवली आणि त्यांचा होकार आला.

"नमस्कार. या वर्षी मी एका ग्राहकाला चुकीचा आकडा दिला. चौकशीच्या फॉर्मवर एक रकाना मी रिकामा सोडला आणि जो वेग सांगितला तो त्यांच्या कामात मिळणारच नव्हता.

ते शोधून काढलं अमुकने. दोन दिवस तो मशीनपाशी होता. दुसऱ्या रात्री त्याने मला फोन केला आणि फक्त विचारलं, 'फॉर्म भरताना मटेरियल मोजलं होतंस का?' त्याने ते माझ्या साहेबांना विचारलं नाही, मला विचारलं. अमुक, त्याबद्दल तुझे आभार.

आमच्या ऑफिसमधल्या अमुकताईंनी त्यानंतर फॉर्म असा बदलला की तो रकाना भरल्याशिवाय क्वोटेशन निघतच नाही. मी त्यांच्याशी दोनदा वाद घातला, घाईची चौकशी आहे, सोडा म्हणून. त्यांनी सोडलं नाही. त्यामुळे वर्षभरात तशी चूक माझ्याकडून पुन्हा झाली नाही.

माझ्या आधी हा एरिया सांभाळणाऱ्याने मला एक वही दिली होती. तिच्यात या ग्राहकाबद्दल लिहिलं होतं, 'खोटं सांगितलेलं लगेच कळतं.' त्या ओळीने मला वाचवलं. दोन वर्षं त्याने जे दार ठोठावलं, ते उघडलं तेव्हा बाहेर मी उभा होतो.

आणि ते ग्राहक. त्यांना मशीन परत करता आलं असतं. त्यांनी ठेवलं. सात महिन्यांनी मला पुन्हा बोलावलं आणि बसायच्या आधी त्यांचं मटेरियल माझ्या हातात देऊन म्हणाले, 'या वेळी आधी हे घेऊन जा, मग आकडा सांगा.' मी घेऊन गेलो. मोजलं. मग आकडा सांगितला. साहेब, पुन्हा बोलावलंत, त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे."

घड्याळ लावून वाचलं, दोन मिनिटं आणि थोडं वर. उरलेल्या सगळ्यांना हाताने चिठ्ठ्या लिहितोय. प्रत्येकाला एक गोष्ट, वेगवेगळी.

---

मधुरा_क

फॉर्मवाल्या ताईंचा परिच्छेद मला सगळ्यात आवडला. त्या आधीच्या नावांत होत्या का?

---

पाऊलवाट

होत्या. चौदाव्या.

---

जुना_विक्रेता

एका शब्दाला हात लावू नका. फक्त स्टेजवरचं सांगतो. ट्रॉफी एका हातात, माइक दुसऱ्या हातात, मग कागद कुठे धरणार? फोटो झाला की ट्रॉफी पोडियमवर ठेवा, पोडियम नसेल तर सूत्रसंचालकाकडे द्या, आणि मगच बोला. मोबाइलवरून वाचू नका, नेमका स्क्रीन बंद होतो. जाड कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा, प्रत्येक परिच्छेदाचे पहिले चार शब्द पुरतील. 'साहेब' म्हणताना कार्डाकडे बघायचं नाही.

आणि गळा भरून आला तर थांबा. चार सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला फार वाटते, ऐकणाऱ्याला नाही.

---

रिकामा_कप

मी आधी चुकीच्या जागी प्रश्न विचारला होता. धागा पूर्ण वाचला. मलाही माझा एरिया दुसऱ्याकडून मिळाला होता. त्याला कधी फोन केला नाही. आज करतो.

---

पाऊलवाट

कार्यक्रम झाला. थोडक्यात सांगतो.

साहेबांनी मसुदा आधी वाचला आणि 'चुकीचा आकडा दिला' याच्या जागी 'अपुरी माहिती घेऊन आकडा दिला' करायला सांगितलं. केलं. मला पहिलं जास्त खरं वाटत होतं, पण त्यांचंही चूक नव्हतं.

सर्व्हिस इंजिनिअर खरंच साइटवर होता! सर्व्हिसवाले, तुमचा प्रतिसाद वाचून मी आठवडाभर आधी त्याच्या मॅनेजरना विचारलं होतं, म्हणून पाळी बदलून तो येऊ शकला. फोनवरचं वाक्य आलं तेव्हा त्याच्या शेजारच्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, तो खाली बघत राहिला. ताई मात्र "दोनदा नाही, तीनदा" असं जागेवरून मोठ्याने म्हणाल्या. त्यावर सगळं सभागृह हसलं आणि माझा गळा मोकळा झाला.

ग्राहक आले नव्हते. संध्याकाळी मी शेवटचा परिच्छेद त्यांना पुन्हा पाठवला, कळवलं की असाच्या असा बोललो. उत्तर आलं: "सोमवारी या. फिल्म बदलतोय."

आधीच्या सहकाऱ्याला रात्री फोन केला. वहीतली ओळ वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नाव घेतलंस का?" मी नाही म्हटलं. "बरं केलंस," म्हणाला. पण ते ज्या आवाजात म्हणाला, त्यावरून मला अजून ठरवता येत नाहीये.

---

सर्व्हिसवाला

त्याची वही त्याला परत नेऊन द्या. जाऊन भेटा.

---

थेटभेट

वही कंपनीची आहे, प्रतिस्पर्ध्याकडे कशी देणार? भेटा मात्र नक्की.